पार्टिशनच्या मागची इमरती

मुलुंडच्या बाजारातल्या एका मिठाईच्या दुकानात मी सहा वर्षं उडदाचं पीठ फेटलं. त्यातली शेवटची तीन वर्षं तिथे विकली गेलेली प्रत्येक इमरती माझ्या हातची होती. हे मी आधीच लिहून टाकते, कारण त्या तीन वर्षांत हे कुणीच बोललं नाही. शेठ बोलला नाही, महाराज बोलले नाहीत, आणि लाज वाटते सांगायला, मीही बोलले नाही.

नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा मी काम शोधत होते. बारावी झालेली, शिवण येत होतं, पण शिवणावर घर चालत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या एका बाईने सांगितलं, बाजारात मिठाईवाल्याकडे मागे काम आहे. मी गेले. शेठ गल्ल्यावर बसला होता. चाळिशीचा, अंगठ्या घातलेला, बोलायला गोड. नाव विचारलं, सांगितलं. मग आडनाव विचारलं, तेही सांगितलं. तो गल्ल्यातली चिल्लर सारखी करायला लागला.

"काम मागे आहे," तो म्हणाला. "भिजवणं, वाटणं, भांडी. पुढे काउंटरवर यायचं नाही. पुढे गर्दी असते."

गर्दीत पुढे कोणी जायचं आणि कोणी नाही, हे मला शाळेपासून माहीत होतं. मी हो म्हणाले. कामाची गरज होती.

दुकानाच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन होतं. पुढे काचेची कपाटं, आरसे, लायटिंग. मागे दोन भट्ट्या, दगडाचा ग्राइंडर, मोरी आणि महाराज. महाराज जौनपूरकडचे, तेव्हा पासष्टीच्या पुढचे. चाळीस वर्षं मुंबईत राहून त्यांची मराठी हिंदीत अर्धी बुडालेली होती. दुकानाच्या पाटीवर त्यांचा फोटो होता, डोक्यावर पांढरी टोपी, हातात झारा आणि खाली 'शुद्ध तुपातली जौनपुरी इमरती'. शनिवारी मारुतीला उडदाचं काहीतरी वाहायचं म्हणून लोक यायचे, तेव्हा इमरतीला रांग लागायची.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "म्हणजे जिलबीच ना ही, जरा जाडी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या आईला शिवी दिली.

"जलेबी मैदा की. उसको सडाते हैं, रात भर आंबट करतात. ही उडदाची. हिला आंबू द्यायची नाही. आंबली, की मेली."

शिकवायची त्यांची इच्छा नव्हती. पण पीठ मी फेटत होते आणि पीठ बिघडलं की इमरती बिघडत होती, म्हणून त्यांना शिकवावंच लागलं. धुतलेली उडदाची डाळ चार-पाच तास भिजवायची, जास्त नाही. जास्त भिजली की डाळ पाणी पिते आणि पीठ सैल होतं. मग सगळं पाणी निथळून टाकायचं आणि वाटताना चमच्याचमच्याने पाणी घालायचं, तेही बर्फाचं, कारण दगड फिरून फिरून तापतो. वाटलेलं पीठ बोटांत चोळलं तर रवा लागता कामा नये. त्यानंतर खरं काम. मोठ्या परातीत पीठ घ्यायचं आणि पंजा उघडा ठेवून खालून वर, खालून वर, एकाच दिशेने फेटायचं. अर्धा तास. कधी पाऊण. हवा आत भरायची. पिवळट पीठ पांढरं होतं, फुगतं, हाताला हलकं लागतं. वाटीभर पाण्यात एक थेंब टाकायचा. तरंगला तर झालं. बुडाला तर परत हात घाला.

"इमरती के अंदर नली होती है," महाराज सांगायचे. "आतून पोकळ. तिथे पाक जातो. हवा नसेल तर पोकळ कशी होणार? दगड होणार."

पहिले सहा महिने माझा खांदा रात्री झोपू देत नसे. नवरा तेल चोळून द्यायचा. माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला, ब्लाऊजची एक बाही मला वेगळी शिवावी लागायची. पण पीठ मला कळायला लागलं. पावसाळ्यात पाणी कमी, मे महिन्यात बर्फ जास्त, किलोमागे मूठभर तांदळाचं पीठ कुरकुरीतपणासाठी. हे सगळं हाताला आपोआप कळायला लागलं.

तिसऱ्या वर्षी महाराजांचा हात थरथरायला लागला.

आधी मलाच दिसलं. इमरती पाडायची ती कापडातून. जाड कापडाचा चौकोन, मध्ये एक भोक, भोकाला सदऱ्याच्या काजासारखी शिवण. पीठ आत भरून वरून मूठ आवळायची आणि तुपावर हात फिरवायचा. आधी एक गोल, त्यावर दुसरा गोल, मग त्या गोलावरून कडेकडेने छोटी छोटी वेटोळी, आणि जिथून सुरू केलं तिथेच बंद. एका श्वासाचं काम. महाराजांची वेटोळी एकमेकांवर चढायला लागली. शेठने ताट बघून तोंड वाकडं केलं तेव्हा महाराज म्हणाले, तूप हलतंय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पालथं ताट दिलं आणि कापड दिलं. "पाड."

दोन महिने मी पालथ्या ताटावर इमरत्या पाडत होते. पाडायच्या, खरवडायच्या, परत भरायच्या. मी शिवणारी बाई, टाका सरळ कसा जातो ते हाताला माहीत होतं. त्यांचं कापड जुनं, भोक पसरलेलं. मी घरी जाऊन पँटच्या जाड कापडाचा चौकोन कापला, भोकाला दुहेरी काज केलं. महाराजांनी ते उलटसुलट बघितलं आणि स्वतःचं कापड खिळ्यावर टांगून ठेवलं. त्यानंतर ते कापड कधी खाली आलं नाही.

मग तुपावर. सपाट तळाची कढई, दोन बोटं तूप, मध्यम आच. तूप फार तापलं की इमरती वरून लाल होते आणि आत कच्ची राहते, पाकात गेली की लोळागोळा. तूप थंड असलं की पसरते आणि तूप पिऊन बसते. सावकाश तळायची, बुडबुडे कमी होईपर्यंत, सळईने उचलली तर वाकता कामा नये. मग लगेच पाकात. पाक एकतारी, बोट जेमतेम सोसेल एवढा गरम. उकळत्या पाकात टाकली तर मऊ पडते, थंड पाकात टाकली तर पाक बाहेरच चिकटतो. तीन-चार मिनिटं, उलटवून, की बाहेर काढून जाळीवर सुटी सुटी ठेवायची. गरम असताना एकीवर एक रचली किंवा डब्यात झाकली की स्वतःच्याच वाफेने मरते.

मी हे सगळं शिकले. तीन वर्षं पार्टिशनच्या मागे मी इमरती पाडली, आणि ताट भरलं की महाराज टोपी घालून ते पुढे घेऊन जायचे. पुढून लोकांचा आवाज यायचा. "वा महाराज, आज काय कुरकुरीत आहे!" महाराज हसायचे. मी मागे ऐकायचे. राग यायचा, पण महाराजांवर नाही. म्हातारा माणूस, हात गेलेला, गावाकडे पैसे पाठवायचे. त्यांना सांभाळून घेतेय असं मला वाटायचं. मला त्या वाटण्याचा आता सगळ्यात जास्त राग येतो.

मग तो एप्रिल आला. त्या वर्षी हनुमान जयंती शनिवारी आली होती आणि दोन दिवसांनी आमची जयंती, चौदा एप्रिल. वस्तीत मंडप बांधायला सुरुवात झाली होती. इकडे दुकानात शेठ उड्या मारत होता. स्टेशनपलीकडच्या एका देवळाच्या कमिटीने त्याला ऑर्डर दिली होती, की देवळाच्या अंगणातच कढई लावा, लोकांसमोर साजूक तुपात इमरती तळा, देवाला एकशे आठ इमरत्यांचा नैवेद्य आणि बाकी प्रसाद.

"महाराज जातील," शेठ म्हणाला.

महाराजांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. शेठलाही माहीत होतं. सगळं माहीत होतं त्याला.

"पाडायला मी जाते," मी म्हटलं. "महाराज बाजूला बसतील."

शेठने आवाज खाली केला. "तिथे नको. समज ना."

"काय समजू?"

"कमिटीवाले जुन्या वळणाचे आहेत. विचारतात, कोण, कुठली. उगाच कशाला? मला काही प्रॉब्लेम नाही, तुला माहीत आहे. मी काय असलं मानतो?"

"मग सांगा ना त्यांना, तीन वर्षं शनिवारची इमरती कोण पाडतं."

"ए बाई, धंद्याची वाट लावू नकोस."

महाराज तिथेच होते. रिकामी कढई पुसत होते. ती आधीच पुसलेली होती.

शेठने भांडुपहून एक जिलबीवाला ठरवला. चांगला माणूस होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण जिलबीचा हात आणि इमरतीचा हात वेगळा, हे शेठला सांगून उपयोग नव्हता. शनिवारी पहाटे दोनलाच मी दुकानात आले. डाळ दोन भांड्यांत भिजवली, एक वाटण आधी आणि एक मागाहून, कारण एप्रिलच्या उकाड्यात फेटलेलं पीठ तासा-दीड तासात बसतं. पहिलं वाटण तयार करून बर्फाच्या घमेल्यात बसवलं आणि टेम्पोत चढवताना शेठला सांगितलं, "पाणी घालायचं नाही. घट्ट वाटलं तरी नाही. कापडात भरायच्या आधी परत पाच मिनिटं फेटायचं. आच मध्यम. पाक शेगडीवर ठेवायचा नाही, नुसता गरम." शेठ फोनवर होता. त्याने मान हलवली. महाराज पुढच्या सीटवर धुतलेली टोपी घालून बसले होते. त्यांनी तरी ऐकलंय, असं मी मनात म्हटलं.

नवाच्या सुमारास शेठचा फोन आला. ओरडत होता.

"काय घाण पाठवलीस तू? सगळं मऊ पडतंय! लोक उभे आहेत इथे!"

दुसरं वाटण नुकतंच फेटून झालं होतं. मी पातेलं बर्फात बसवलं, कंबरेला माझं कापड खोचलं आणि रिक्षा केली. पातेलं मांडीवर होतं. साडी भिजली.

देवळाच्या अंगणात मंडप, रांग, लाऊडस्पीकर. एका बाजूला कढई. लांबूनच मला वास आला, करपट तुपाचा. आच भडकलेली होती. जिलबीवाला घामाघूम. ताटात पडलेल्या इमरत्या लाल, चपट्या, एकमेकींत घुसलेल्या. पाकाचं पातेलं दुसऱ्या शेगडीवर रटरटत होतं. महाराज बाजूला खुर्चीवर बसले होते, गळ्यात कमिटीने घातलेला झेंडूचा हार.

शेठची पाठ माझ्याकडे होती. कमिटीचे एक वयस्कर गृहस्थ त्याच्यासमोर उभे होते, धोतर, कपाळाला गंध. शेठ त्यांना सांगत होता, "काका, आमचा माल कधी असा नसतो. मागे कामाला एक बाई आहे, तिने भिजवण बिघडवली. आजच तिला काढतो."

काका महाराजांकडे वळले. "महाराज, तुम्ही एवढे जाणकार. तुम्ही सांगा. पीठच खराब होतं का?"

मी दहा पावलांवर होते. महाराजांनी मला बघितलं. नक्की बघितलं, आमची नजर मिळाली. त्यांना ठाऊक होतं की पिठात पाणी घातलंय, त्यांच्या डोळ्यांदेखत घातलं असणार. आच त्यांना दिसत होती. पाक उकळताना दिसत होता. त्यांनी नजर खाली घेतली आणि म्हणाले, "हो सकता है."

तीन शब्द. मला आजही ते त्याच आवाजात ऐकू येतात.

मी पातेलं टेबलावर आदळलं. सगळे वळले.

"पाणी द्या," मी म्हटलं. "दोन ग्लास."

कुणीतरी दिले. मी माझ्या पातेल्यातलं बोटभर पीठ एका ग्लासात टाकलं. ते वर आलं आणि तरंगत राहिलं. जिलबीवाल्याच्या परातीतलं दुसऱ्यात टाकलं. ते पसरलं, पाणी दुधासारखं झालं आणि गाळ तळाशी गेला. मग त्याच परातीतलं थोडं मी जिभेवर ठेवलं.

"सोडा कोणी घातला?"

जिलबीवाला घाबरला. "जलेबी में डालते हैं ना ताई. आणि पीठ लई घट्ट होतं, म्हणून पाणी..."

"हे पीठ सकाळी मी दिलं तेव्हा असंच तरंगत होतं," मी काकांना म्हटलं. "पाणी आणि सोडा इथे पडला. आच इथे वाढली. पाक इथे उकळतोय. माझ्या भिजवणीला नावं ठेवू नका."

शेठ माझा दंड धरायला पुढे आला. "घरी जा तू. मागाहून बोलू."

मी त्याचा हात झटकला आणि स्टुलावर बसले. परवानगी कोणाची घेतली नाही. शेगडी कमी केली. करपलेलं तूप उतरवून डब्यातलं दुसरं घालायला सांगितलं. पाक खाली उतरवला, त्यात लिंबू पिळलं, कडेला साखर धरायला लागली होती म्हणून. पिठावर परत हात फिरवला. तूप तापेपर्यंत एक थेंब टाकून बघितला, तो सावकाश वर आला. मग कापड भरलं.

हात थरथरत होता रागाने. मला वाटलं आता मीही महाराजांसारखीच पाडणार. पण पहिला गोल पडला, दुसरा पडला आणि हात शांत झाला. वेटोळी एकमेकींना चिकटून कडेने फिरत गेली. एका वेळी आठ. उलटवल्या, उचलून बघितल्या, पाकात सोडल्या, जाळीवर काढल्या. पहिल्या घाण्यातली एक काकांना दिली. त्यांनी ती मोडली. कट्‌कन आवाज आला, आणि तुटलेल्या नळीतून पाक त्यांच्या बोटावर आला. त्यांनी खाल्ली. आणखी एक घेतली.

रांग पुढे सरकायला लागली. मी पाडत राहिले. किती घाणे झाले मला आठवत नाही. लोक खात होते, मुलं आणखी मागत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा खाणाऱ्याचं तोंड मला दिसत होतं. तेवढा वेळ माझा राग कुठे गेला होता कोण जाणे.

मग काका जवळ आले. खूश होते. "काय हात आहे हो! नाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"पूर्ण नाव?"

शेठ मध्येच म्हणाला, "आमचीच बाई आहे काका, घरचीच."

"मगाशी काढणार होता मला," मी म्हटलं. आणि आडनाव सांगितलं. मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काकांचं तोंड फार बदललं नाही. तेच वाईट होतं. ते तसेच हसत राहिले, फक्त हातातली अर्धी इमरती त्यांनी खाल्ली नाही, कागदावर ठेवली. मग शेठला जरा बाजूला घेतलं. पण लाऊडस्पीकर नेमका तेव्हाच बंद होता, म्हणून मला ऐकू आलं.

"प्रसादाचं चालू दे असंच, छान आहे. आपण कोणी भेदभाव करत नाही. फक्त ते एकशे आठ आहेत ना, गाभाऱ्यातल्या, तेवढ्या महाराजांच्या हातच्या करा. परंपरा आहे म्हणून."

शेठ महाराजांना उठवून घेऊन आला. मला म्हणाला, "तू जरा सरक. तेवढ्या झाल्या की परत बस."

परत बस! जसं काही मी संगीतखुर्ची खेळायला आले होते.

महाराज माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. हारातल्या झेंडूच्या पाकळ्या गळत होत्या. त्यांनी माझ्या हातातून कापड घेतलं आणि तुपावर धरलं. कापड हलत होतं. थेंब भलतीकडेच पडला. ते माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "बिटिया, हाथ पकड़. ऊपर मेरा हाथ रहेगा, नीचे तेरा. कोई नहीं देखेगा."

मला वाटतं, हे ते प्रेमाने म्हणाले. त्यांना खरंच असं वाटलं असणार की त्यांनी वाट काढली. सगळ्यांचं भागेल. देवाचं, कमिटीचं, शेठचं, त्यांचं. आणि माझंही, कारण इमरती शेवटी माझीच असेल.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"कोणी बघणार नाही?" मी म्हटलं. हळू नाही म्हटलं. "तीन वर्षं कोणी बघितलं नाही महाराज, पुरे झालं. मगाशी त्यांनी विचारलं, पीठ खराब होतं का. तुम्हाला माहीत होतं. एक 'नाही' म्हणायचं होतं. तेवढंही तुमच्या तोंडातून निघालं नाही, आणि आता माझा हात पाहिजे?"

"बिटिया, धीरे..."

"माझा हात तुमच्या हाताखाली देवाला चालतो. उघडा चालत नाही. मग देवाला सांगा, आज हात नाही."

रांगेतले लोक बघत होते. कोणी तरी बोलेल असं मला वाटलं होतं, मगाशी दोन दोन इमरत्या खाल्लेल्यांपैकी एखादं. एक बाई म्हणाली फक्त, "अहो, तूप जळतंय." तेवढंच.

मी महाराजांच्या हातातून कापड काढून घेतलं. उरलेलं पीठ बोटाने निपटून पातेल्यात परत टाकलं. पीठ शेठचं होतं, ते ठेवलं. कापड माझं होतं. नळावर जाऊन धुतलं, पिळलं आणि चालत घरी आले. वाटेत रडले. रडण्याचाही राग आला.

त्या एकशे आठांचं काय झालं ते मला नंतर कळलं. जिलबीवाल्याने माझ्या पिठाच्या जशा जमल्या तशा पाडल्या, आणि महाराज हार घालून शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. शेठचे फोन आले, मी घेतले नाहीत. वस्तीतल्या बायकांना बातमी आधीच लागली होती. मंडळाच्या एका काकूंनी दारात येऊन विचारलं, "काय गं, आपल्या जयंतीला पाडशील का? की रुसून बसणार?"

"तूप महाग पडेल काकू."

"ते आमचं आम्ही बघतो. तू फक्त हात दे."

चौदा तारखेला सकाळपासून मंडपाशेजारी कढई होती. डाळ वाटायला तीन घरचे मिक्सर आणले. मिक्सर पीठ तापवतो, म्हणून थांबत थांबत, बर्फ घालत वाटलं. फेटायला मी चार बायकांना बसवलं आणि महाराजांसारखीच खेकसत होते, "खालून वर, खालून वर, हवा भर!" माझी मुलगी पाकाला बसली होती.

दुपारी महाराज आले.

टोपी नव्हती. साधा सदरा. मंडपाच्या कडेला उभे राहिले, आत यावं की नाही अशा विचारात. काकूंनी ओळखलं नाही, कोणी पाहुणे असतील म्हणून खुर्ची दिली आणि कागदावर इमरती दिली. ते बसले. मी पाडत होते. मी बघितलं आणि परत तुपाकडे बघितलं.

त्यांनी मोडली, खाल्ली. बराच वेळ चावत होते. मग उठून माझ्याजवळ आले.

"मैं डर गया था," ते म्हणाले. "सत्तरी उलटली. हात गेला. शेठने काढलं तर कुठे जाणार? तू जवान आहेस, तुला कुठेही..."

"मला कुठेही काय?"

त्यांनी हातातला कागद चुरगळला.

"तुम्ही शिकवलंत," मी म्हटलं. "ते मी कोणापुढेही नाकारणार नाही. पण तुम्ही घाबरलात आणि त्याची भरपाई मी करायची, असं किती दिवस?"

त्यांनी मान खाली घातली. माफी मागितली नाही. मागतील असं वाटलं होतं. मग त्यांनी पाकाच्या पातेल्याकडे बघितलं, बाहेरून हात लावून बघितलं आणि म्हणाले, "पाक थंडा हो गया है. अंदर नहीं जा रहा."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की वाटलं झारा फेकून मारावा. सगळं सोडून हा माणूस पाकाचं बोलतोय. आणि बरोबर बोलतोय. मुलगी गप्पांत रमली होती, पाक निवला होता, शेवटच्या दोन घाण्यांच्या इमरत्या वरून चिकट आणि आतून कोरड्या होत्या. मी पातेलं उचललं, शेगडीवर ठेवलं, बोट सोसेल एवढं गरम झालं की उतरवलं. मान वर केली तेव्हा ते गेले होते.

मी परत दुकानात गेले नाही. आता घरून ऑर्डर घेते. शनिवारी सकाळी दाराशी कढई लावते, समोर, रस्त्याला तोंड करून. गिऱ्हाईक येतं, पाडताना बघतं, विचारायचं ते विचारतं. एकदा एक जण आडनाव ऐकून 'जरा जाऊन येतो' म्हणाला, तो आलाच नाही. बाकीचे येतात. दुकानाच्या पाटीवर महाराजांचा फोटो अजून आहे. इमरती मात्र मी एकदा मागवून बघितली. चिवट.

महाराज त्याच वर्षी गावी गेले. निघताना भेटायला येतो असा निरोप पाठवला होता. मी घरी नाही असं कळवलं. मी घरीच होते.

गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक मुलगी, महाराजांची नात. हिंदीत म्हणाली, दादाजींना आता नीट बोलता येत नाही, पण ते मला इमरती शिकवतायत, पीठ काही तरंगत नाही, तर त्यांनी तुमचा नंबर दिला. मी तिला विचारलं, डाळ किती वेळ भिजवलीस? रात्रभर, ती म्हणाली. मी म्हटलं, तिथेच चुकलं. मग सगळं सांगितलं, पाणी, बर्फ, हात कसा फिरवायचा, कापडाला काज कसं करायचं. ती लिहून घेत होती. मागून घोगरा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

शेवटी ती जरा अडखळली. "दादाजी पूछ रहे हैं, आप अभी भी नाराज़ हैं क्या?"

"हो," मी म्हटलं. "सांग त्यांना. हो."